बाथरूमच्या जाळीतून ड्रेनेजचा वास येतोय? आधी ट्रॅपमधलं पाणी बघा

घर महिनाभर बंद होतं, परत आल्यावर दार उघडताच ड्रेनेजचा वास आला. किंवा पाहुण्यांसाठी ठेवलेल्या बाथरूममधूनच वास येतो, रोजच्या बाथरूममधून येत नाही. अशा वेळी बहुतेक जण फिनाइल ओततात, अत्तराची वडी टांगतात आणि खिडकी उघडी ठेवतात. वास तेवढ्यापुरता दबतो आणि पुन्हा येतो, कारण तो बाथरूममध्ये तयारच होत नसतो. तो खालच्या पाइपातून वर येत असतो, आणि त्याला अडवणारं पाणी आटलेलं असतं.

फरशीतल्या जाळीखाली एक वाटीसारखा भाग असतो. प्लंबर त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. अंघोळीचं पाणी वाटीत उतरतं, खालून वळून पुन्हा थोडं वर चढतं आणि मग आडव्या पाइपात जातं. त्या वळणामुळे अंघोळ संपली तरी थोडं पाणी वाटीत कायम राहतं. या साठलेल्या पाण्याला वॉटर सील म्हणतात. पाइपातला वायू या पाण्यातून वर येऊ शकत नाही. चांगल्या ट्रॅपचं सील ५० मिमी, म्हणजे जवळजवळ दोन इंच खोल असतं. पाणी या खोलीइतकं खाली गेलं की पाइप आणि बाथरूम यांच्यात सरळ मोकळी वाट तयार होते. मग वासच नाही, झुरळंही त्याच वाटेने वर येतात. काही दिवसांत अचानक झुरळं वाढली असतील तर तेही आटलेल्या ट्रॅपचंच लक्षण असू शकतं.

पहिलं काम: वास नेमका कुठून येतो ते ठरवणं

घर बरेच दिवस बंद असेल तर आधी खिडक्या उघडा आणि १५-२० मिनिटं हवा खेळू द्या. ड्रेनेजच्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो, तोच सडक्या अंड्यासारखा वास. त्याची अडचण अशी की थोड्या वेळात नाक त्याला सरावतं आणि वास गेला असं वाटतं. म्हणून तपासणी करताना अधूनमधून बाहेर जाऊन ताजी हवा घेऊन या. या वायूत मिथेनही असू शकतो, तेव्हा जाळीजवळ काडी किंवा लायटर पेटवून बघू नका. वासाने डोकं जड होत असेल, मळमळत असेल तर तपासणी थांबवा आणि बाहेर पडा.

आता एक जाड प्लास्टिकची पिशवी घ्या, तिच्यात निम्म्याहून थोडं कमी पाणी भरा, तोंडाला घट्ट गाठ मारा आणि ती जाळीवर ठेवा. पाण्याच्या वजनाने पिशवी पसरते आणि जाळी सगळीकडून झाकली जाते. दार बंद करून तीन-चार तास थांबा, शक्य असेल तर रात्रभर. वास गेला तर दोष त्या जाळीत आहे. वास तसाच राहिला तर बेसिनखाली बघा. बेसिनचा वेस्ट पाइप भिंतीतल्या किंवा फरशीतल्या भोकात नुसता खुपसलेला असतो आणि भोवती फट असते, हे फार घरांत आढळतं. वॉशिंग मशीनचा पाइप जाळीत घातला असेल तर त्याच्या कडेची फटही तपासा. कमोडच्या बुडाशी सफेद सिमेंट सुटलं असेल तर तिथूनही वास येतो. या तिन्ही जागा बघून झाल्याशिवाय ट्रॅपवर खर्च करू नका.

दोष जाळीतच आहे असं ठरलं की जाळी उचला आणि टॉर्च मारून आत बघा. पाणी चमकताना दिसलं नाही, नुसता गाळ किंवा कोरडं तळ दिसलं, तर कारण सापडलं. पाणी दिसत असूनही वास येत असेल तर दोन शक्यता राहतात. एक म्हणजे सील अपुरं आहे. ते पुढे येईल. दुसरी म्हणजे वाटीच्या आतल्या भिंतीला साबण, तेल आणि केसांचा बुळबुळीत थर चढला आहे आणि वास त्याचाच आहे. हा वास कुजट असतो, पण संडासासारखा नसतो. हातमोजे घालून केस बाहेर काढा, बाटली धुण्याच्या लांब ब्रशाने वाटी घासा आणि भांड्यांचा साबण घातलेलं कोमट पाणी ओता. उकळतं पाणी ओतू नका, पीव्हीसी त्याने मऊ पडतं आणि सांधे सुटू शकतात. ॲसिड आणि ब्लीच एकामागून एक ओतणं तर मुळीच नको. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

सील परत भरणं

आटलेल्या ट्रॅपवरचा उपाय म्हणजे पाणी. पण ते नीट ओतायला हवं. जाळी काढा आणि एका तांब्याने दीड ते दोन लिटर पाणी सावकाश, वाटीच्या मध्यावर ओता. पूर्ण बादली एकदम उपडी करू नका. वेगाने गेलेलं पाणी स्वतःबरोबर वाटीतलं पाणीही ओढून नेतं आणि सील अर्धवट राहतं. बादलीने ओतलंच तर शेवटी एक तांब्या हळूहळू घाला. आता पाच मिनिटं थांबून पुन्हा टॉर्च मारा. पाणी स्थिर दिसलं पाहिजे. खिडकी उघडी ठेवली तर साठलेला वास तासाभरात जातो.

वास गेला म्हणून इथेच थांबू नका. पाणी नुसतं सुकून गेलं होतं की दुसऱ्या कशाने गेलं होतं, हे कळलं तरच वास पुन्हा येणार नाही. त्यासाठी लाकडाची कोरडी पट्टी वाटीच्या तळापर्यंत घाला, बाहेर काढा आणि ओल्या भागावर पेनने खूण करा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तीच पट्टी पुन्हा घाला. मधल्या काळात ती जाळी वापरू नका. पातळी मिलिमीटर-दीड मिलिमीटर उतरली तर ते बाष्पीभवन आहे. एका रात्रीत पाच मिमी किंवा त्याहून जास्त उतरली तर पाणी सुकत नाही, कुठेतरी जातं आहे.

जाळीतली वाटी: सर्वांत जास्त फसवणारा भाग

बऱ्याच घरांत खाली खोल ट्रॅप नसतो. त्याऐवजी बाजारात कॉक्रोच जाळी म्हणून मिळणारी स्टीलची चौकोनी जाळी बसवलेली असते. तिच्या आत एक उथळ वाटी, मधोमध उभी नळी आणि नळीवर उपडी ठेवलेली छोटी टोपी असते. वाटीत पाणी साठतं, टोपीची कड त्या पाण्यात बुडते आणि वायू अडतो. रचना चांगली आहे, पण तिचं सील फार उथळ असतं. ते मोजायला सोपं आहे. वाटी पाण्याने भरा, टोपी बसवा, दोन मिनिटांनी सरळ वर उचला आणि टोपीच्या बाहेरच्या बाजूला पाण्याची ओल किती उंचीपर्यंत आहे ते पट्टीने मोजा. ही उंची १५-२० मिमी भरली तरी पुष्कळ. पुष्कळ जाळ्यांत त्याहूनही कमी भरते.

इथे सर्वांत नेहमीची चूक घडते. केस अडकल्यावर सफाईसाठी टोपी काढली जाते आणि पाणी पटकन जावं म्हणून ती परत बसवलीच जात नाही. टोपीशिवाय ही जाळी म्हणजे उघडा पाइप. वाटीत पाणी भरलेलं दिसतं, पण मधल्या नळीतून वायू सरळ वर येतो. त्यामुळे पाणी आहे तरी वास येतोय अशी तक्रार असेल तर आधी टोपी आहे का बघा. हरवली असेल तर हार्डवेअरच्या दुकानात जुनी जाळी घेऊन जा. सुटी टोपी मिळाली नाही तर पूर्ण जाळी बदला. जाळीची चौकट फरशीला चिकटलेली नसेल, चारही बाजूंनी फट असेल, तर सील कितीही चांगलं असलं तरी वास चौकटीच्या बाहेरून येतो. अशी फट कोरडी करून सफेद सिमेंट किंवा सिलिकॉन सीलंटने बुजवा आणि सीलंट असेल तर २४ तास पाणी लागू देऊ नका.

खोल ट्रॅपचं सील मोजायला एक जाड तार घेऊन तिचं टोक एक सेंटिमीटर आडवं वाकवा. ही तार पाइप निघतो त्या बाजूच्या आतल्या भिंतीला घासत खाली सोडा. जिथे वाकडं टोक भिंतीच्या खालच्या कडेखाली अडकतं, तिथे थांबा आणि पाण्याची पातळी तारेवर बोटाने धरा. टोकापासून बोटापर्यंतची उंची म्हणजे खरं सील. वाटीत किती खोल पाणी आहे याला महत्त्व नाही, त्या कडेच्या वर किती पाणी आहे याला आहे.

एक हिशेब करून बघू

समजा पुण्यातला दोन बाथरूमचा फ्लॅट आहे. घरची माणसं २० एप्रिलला कोकणात गेली आणि ४ जूनला परतणार, म्हणजे ४५ दिवस. आतल्या बाथरूमला खोल ट्रॅप आहे, सील ५० मिमी. बाहेरच्या बाथरूमला टोपीची जाळी आहे, सील १५ मिमी. कोरड्या उन्हाळ्यात दिवसाला एक मिमी पाणी सुकतं असं धरू. तुमच्या घरचा खरा आकडा मगाच्या पट्टीने आठवडाभर मोजून काढा. खिडकी उघडी असेल, वारा लागत असेल तर तो जास्त निघेल.

बाहेरच्या बाथरूमचं सील १५ दिवसांत, म्हणजे ५ मेच्या आसपास तुटलं. तिथून पुढचे ३० दिवस वायू आणि झुरळं घरात येत राहिली. आतल्या बाथरूमचं सील ४५ दिवसांनी ५ मिमी उरायला हवं. कागदावर ते तुटलेलं नाही, पण एवढं पातळ पाणी वरच्या मजल्यावर फ्लश केल्यावर पाइपात येणाऱ्या झटक्याला टिकत नाही. म्हणून प्रत्यक्षात आतल्या बाथरूमलाही वास येतो आणि घरच्यांना वाटतं की बांधकामच सदोष आहे. दोष बांधकामाचा नाही. पाणी तेवढे दिवस पुरणारं नव्हतं.

हाच हिशेब वर्षभर घरी असलेल्यांनाही लागू आहे. पाहुण्यांची बाथरूम, ड्राय बाल्कनीतली जाळी, गच्चीवरची मोरी यांत पंधरा दिवस पाणी पडत नाही. एक्झॉस्ट फॅन पूर्ण सील तोडू शकत नाही, कारण २० मिमी पाण्याला वर ओढायलाही बाथरूमच्या पंख्यापेक्षा बरीच जास्त ओढ लागते. पण सील आधीच तुटलेलं असेल तर पंखा पाइपातली हवा खेचून आणतो. पंखा लावल्यावर वास वाढतो, असं झालं तर सील गेलं आहे, ही खूण पक्की धरा.

पाणी सुकत नसून जात असेल तर

पट्टीवरची खूण एका रात्रीत बरीच उतरली तर आधी सोपं कारण तपासा. पोछ्याचा दोरा किंवा केसांचा पुंजका वाटीतून पाइपाच्या कडेवर लोंबकळत असेल तर तो दिव्याच्या वातीसारखा पाणी शोषून पलीकडे टाकत राहतो. तारेच्या आकड्याने तो ओढून काढा आणि पुन्हा रात्रभर मोजा. पुष्कळदा काम इथेच संपतं.

तरीही पातळी उतरत असेल तर पाइपातल्या हवेचा दाब तपासायचा. वाटी भरा आणि वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना दोनदा फ्लश करायला सांगा. तुम्ही टॉर्च मारून पाण्याकडे बघत राहा. पाणी गुडगुडत खाली ओढलं गेलं तर वरून वेगाने जाणारं पाणी पाइपातली हवा खेचतं आहे, आणि तिच्या जागी नवी हवा यायला वाट नाही. इमारतीचा उभा पाइप गच्चीपर्यंत नेऊन उघडा ठेवलेला असतो तो यासाठीच. त्याचं तोंड पक्ष्यांच्या घरट्याने किंवा पाल्यापाचोळ्याने बुजलं असेल, किंवा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या वेळी कोणी ते कापून बंद केलं असेल, तर सगळ्या मजल्यांचे ट्रॅप रिकामे होत राहतात. हे काम तुमच्या घरात होणारं नाही. सोसायटीला लेखी कळवा, आणि फ्लशच्या वेळी पाणी किती मिमी उतरलं तो आकडा द्या. फ्लशनंतर निदान २५ मिमी सील उरलं पाहिजे.

खालच्या मजल्यांवर याच्या उलट घडतं. पाणी ओढलं जात नाही, त्यात बुडबुडे येतात किंवा ते वर उसळतं. खालचा चेंबर तुंबला असेल तर वरून आलेल्या पाण्यापुढची हवा अडते आणि जिथे सील कमी तिथून बाहेर पडते. तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर पावसाळ्यात वास वाढत असेल तर ट्रॅपपेक्षा चेंबर उघडून बघणं जास्त उपयोगाचं.

शेवटची शक्यता तडा गेलेल्या ट्रॅपची. वाटी भरली, जाळी प्लास्टिकने बंद केली, फ्लशच्या वेळीही पाणी स्थिर राहतं, तरी सकाळी पातळी खाली, आणि खालच्या घराच्या छताला ओल, तर ट्रॅप किंवा त्याचा सांधा गळतो आहे. हे फरशी उकरल्याशिवाय दुरुस्त होत नाही. ट्रॅप बदलताना त्याच्याभोवतीचं वॉटरप्रूफिंग कापलं जातं, म्हणून ते परत करून घ्या आणि फरशी बसवण्याआधी २४ तास पाणी साठवून खालच्या घरी जाऊन बघा. नवा ट्रॅप घेताना दुकानातच त्यात पाणी ओतून वरच्या तारेच्या पद्धतीने सील मोजा. ५० मिमीपेक्षा कमी भरला तर तो घेऊ नका. उथळ ट्रॅप थोडा स्वस्त मिळतो आणि पुढे वर्षानुवर्षं त्रास देतो.

टिकाऊ उपाय

रोज न वापरल्या जाणाऱ्या बाथरूमसाठी आठवड्यातून एकदा दोन तांबे पाणी ओतणं हाच सर्वांत चांगला उपाय आहे. तेवढंही जमत नसेल तर ट्रॅपला पाणी आपोआप मिळेल अशी सोय करा. नूतनीकरण करताना बेसिनचं पाणी वेगळ्या पाइपाने न नेता त्याच फरशीच्या ट्रॅपमध्ये सोडलं तर हात धुतानाही सील भरत राहतं. यासाठी बाजूला तोंडं असलेला मल्टी फ्लोअर ट्रॅप मिळतो. एसीचं थेंबथेंब पाणी बाथरूमच्या जाळीत सोडणंही उपयोगी आहे, पण एसी बंद असलेल्या महिन्यांत ही सोय थांबते.

जाळीखाली बसणारा सिलिकॉनचा एकमार्गी पडदाही मिळतो. पाणी पडलं की तो उघडतो, थांबलं की मिटतो. घेण्याआधी पाइपाचा आतला व्यास मोजा, बाहेरचा नव्हे. बसवताना कडेचं रबर पाइपाला सगळीकडून टेकलं पाहिजे. कडेने फट राहिली तर पडद्याचा उपयोग नाही. त्याच्या ओठांत केस अडकले की तो अर्धवट उघडा राहतो, म्हणून महिन्यातून एकदा काढून धुवावा लागतो. पाणीही थोडं सावकाश जातं. शॉवरखालच्या मुख्य जाळीत तो घालू नका, क्वचित वापरल्या जाणाऱ्या जाळीसाठी तो चांगला आहे. ट्रॅपमध्ये पाणी असलं की पडदा हा दुसरा पहारा ठरतो. ट्रॅपऐवजी एकट्या पडद्यावर विसंबू नये.

घर बंद करून जाताना

निघायच्या दिवशी, सगळ्यांच्या अंघोळी झाल्यावर, प्रत्येक जाळीत सावकाश दोन लिटर पाणी ओता. ड्राय बाल्कनी आणि गच्चीची जाळी विसरू नका. पाणी स्थिर झालं की औषधाच्या दुकानातून आणलेलं लिक्विड पॅराफिन प्रत्येक वाटीत सुमारे २० मिली टाका. चार इंच व्यासाच्या तोंडावर याचा दोन मिमीहून थोडा जास्त थर बसतो आणि घराकडच्या बाजूचं बाष्पीभवन जवळजवळ थांबतं. पाइपाकडच्या बाजूने थोडं पाणी सुकतंच, पण तिथली हवा दमट असल्याने ते फार हळू. टोपीच्या जाळीत तेल टोपीच्या बाहेरच्या पाण्यावर पडेल असं ओता. स्वयंपाकाचं तेल यासाठी वापरू नका. ते खवट होतं, मुंग्या आणि झुरळं येतात, आणि खोबरेल तेल थंडीत गोठून वाटीत अडकतं.

यानंतर मघाचीच पाण्याची पिशवी प्रत्येक जाळीवर ठेवा. तिला टोकदार काही लागणार नाही ना, ते बघा. कमोडमध्येही सील असतंच. झाकण लावून त्यावर प्लास्टिक पसरा आणि कडा चिकटपट्टीने बंद करा. बेसिनच्या भोकाला बूच लावा. दोन महिन्यांहून जास्त दिवस जाणार असाल तर किल्ली शेजारी ठेवा आणि महिन्याने एकदा प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी टाकायला सांगा. तेलाचा थर पाण्यावर तरंगत असतो, त्यामुळे सावकाश तांब्याभर पाणी ओतलं तर त्यातलं बरंचसं तेल वाटीतच राहतं. बादलीभर ओतलं तर ते वाहून जातं आणि पुन्हा घालावं लागतं.